पत्ता आपल्या घराचा, माल चोरीचा

नमस्कार मंडळी.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास मला गावाहून भाच्याचा फोन आला. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरची सहा एकर कोरडवाहू शेती, त्यात कपाशी आणि तूर. भाचा बीए झालेला, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावणारा. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाला, "मावशी, मले नोकरी लागली. घरूनच काम हाये. पार्सल येते, चेक करून पुढं पाठवाचं. बावीस हजार पगार!" मी घाईत होते. अभिनंदन केलं, आईला पेढे दे म्हटलं आणि फोन ठेवला.

मी इथे अमेरिकेत एका ऑनलाइन दुकानासाठी संशयास्पद ऑर्डर तपासते. अकरा वर्षं हेच काम करते आहे. 'पार्सल येते, पुढं पाठवाचं' हे शब्द मी ऑफिसात ऐकले असते, तर त्याच क्षणी ऑर्डर थांबवली असती. भाच्याच्या तोंडून ऐकले आणि मला त्यात काहीच ऐकू आलं नाही. नंतर बहिणीने मला एवढंच विचारलं, "तू तं तिकडं हेच काम करतं नं वो? मंग तुले कसं नाई समजलं?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून आज इथे उभी आहे.

चोराच्या हाती दुसऱ्याच्या कार्डाचा नंबर लागला, तरी त्याला त्याचे पैसे करायचे असतात. सोपा मार्ग म्हणजे लगेच विकला जाईल असा माल घ्यायचा: फोन, घड्याळं, कॅमेऱ्याच्या लेन्स, महागडे बूट. पण माल कुठेतरी उतरवावा लागतो. स्वतःचा पत्ता दिला तर पोलीस दारात येणार. म्हणून त्याला हवं असतं एक खरं घर, खरं नाव आणि दार उघडून सही करणारा खरा माणूस. या धंद्यात अशा माणसाला 'ड्रॉप' म्हणतात. नोकरीची जाहिरात असते ती या ड्रॉपसाठी.

आता तुम्ही म्हणाल, विदर्भातलं खेडं कशाला? भारतातल्या कार्डाने ऑनलाइन खरेदी करायची तर 2009 पासून दुसरी पडताळणी लागते, म्हणजे बहुतेक वेळा ओटीपी. कार्ड परदेशी बँकेचं असेल, तर ती विचारली जाईलच असं नाही. आणि परदेशी कार्डावरून भारतातल्या खेड्यात माल जाणं कुणालाही वावगं वाटत नाही, कारण आपण सगळे तेच करतो. दिवाळीला आईसाठी मिक्सर, भाचीसाठी फोन, इथल्या कार्डाने, तिकडच्या पत्त्यावर. मी तपासायला बसले असते तर अशी ऑर्डर मीही सोडली असती. आपल्या त्या मायेच्या सवयीच्या आडून हा माल जातो. कार्ड या सभागृहातल्या कुणाचंही असू शकेल.

भाच्याचं काय काय झालं, ते मी त्याच्यासमोर बसून एकेक दिवस लिहून काढलं.

जाहिरात टेलिग्रामवर होती. मुलाखत नाही, कुणाचा आवाज नाही, फक्त चॅट. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि आधार हातात धरून काढलेला फोटो मागितला. लेटरहेडवर नेमणुकीचं पत्र आलं. एका वेबसाइटचं लॉगिन मिळालं. तिथे येणारी, मिळालेली आणि पाठवलेली पार्सलं अशी यादी दिसायची. ती यादी पाहूनच त्याला वाटलं की कंपनी मोठी आहे.

पहिलं पार्सल ट्रिमरचं. दुसरं बुटांचं. आठवड्याभराने मोबाइल फोनची पार्सलं यायला लागली. काम असं: खोका उघडायचा, वस्तूचे फोटो टाकायचे, आतलं बिल काढून फाडायचं, बाहेरचं लेबल सोलायचं, दुसऱ्या साध्या खोक्यात भरायचं आणि चॅटवर आलेलं नवीन लेबल चिकटवून आर्वीला जाऊन कुरियर करायचं. पाठवायचं दिल्लीतल्या दोन पत्त्यांवर. पावतीवर लिहायचं 'कपडे', किंमत 500 रुपये. खोके, टेप, कुरियर, एसटीचं भाडं सगळं पदरचं, पहिल्या पगारात मिळेल या बोलीवर. 26 दिवसांत 19 पार्सलं आणि खिशातले साडेचार हजार रुपये.

मी विचारलं, "तुला एकदाही काही वाटलं नाही?" बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाटलं होतं मावशी. एका बिलावर बाईचं नाव होतं, पत्ता अमेरिकेतला. म्या इचारलं, हे कोन? तं म्हने, कस्टमर हाये." कुरियरच्या काउंटरवर 'कपडे' लिहिताना हात अडखळायचा, हेही त्याने सांगितलं.

इथे मी थोडी थांबते, कारण ओळखण्याच्या दृष्टीने सगळ्यात भरवशाची गोष्ट हीच आहे. लेटरहेड खोटं बनवता येतं, वेबसाइट बनवता येते. पण त्या कामातल्या दोन गोष्टी लपवता येत नाहीत. एक, मालाचा प्रवास. भिवंडीच्या गोदामातून निघालेला फोन साधारण 700 किलोमीटर विदर्भात यायचा आणि तिथून दिल्लीला जायचा. ज्याला दिल्लीत हवा आहे तो थेट दिल्लीला का मागवत नाही? दुसरी, खोटं लिहायला लावणं. फोनला कपडे म्हणायला आणि बिल फाडायला सांगणारा मालक कुठलाही असो, त्याला तो माल कुठून आला हे झाकायचं आहे. पार्सल पुढे पाठवण्याचा प्रामाणिक धंदाही असतो. पण तिथे कंपनीचं स्वतःचं गोदाम असतं आणि ग्राहक स्वतःच्या नावाने माल मागवून त्या सेवेचे पैसे देतो. अनोळखी माणसाचं घर तिथे लागत नाही.

सत्ताविसाव्या दिवशी लॉगिन चालेना. टेलिग्रामवरचं खातं गायब. पगाराला तीन दिवस होते.

हा योगायोग नव्हता. कार्डवाल्या बाईला महिन्याचं स्टेटमेंट येतं, ती बँकेला कळवते, बँक दुकानाकडून पैसे परत घेते, दुकानाचा माल आणि पैसे दोन्ही जातात. मग माझ्यासारखं कुणीतरी तो पत्ता काळ्या यादीत टाकतं. या सगळ्याला साधारण तीन-चार आठवडे लागतात. तेवढ्यात पत्ता जळतो आणि टोळीच्या लेखी माणूस संपतो. म्हणून पगार महिन्याअखेरीच ठेवलेला असतो. 2015 साली सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी अशा टोळ्यांच्या नोंदी तपासून अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही हेच दिसलं: ड्रॉपचं आयुष्य सुमारे 30 दिवस, आणि पगाराआधीच संबंध तोडलेला. या मार्गाने वर्षाला सुमारे 1.8 अब्ज डॉलरचा माल जात असावा असा त्यांचा अंदाज होता.

दिवाळीनंतर पोलीस पाटलांना घेऊन दोन शिपाई घरी आले आणि हजर राहण्याची नोटीस देऊन गेले. कार्ड चोरणारा सापडला नव्हता, दिल्लीतले पत्ते भाड्याचे निघाले. या साखळीत खरा पत्ता एकच होता, तो माझ्या बहिणीचा. बहीण दारात उभी राहून म्हणत होती, "माह्या पोरानं चोरी नाई केली वो," आणि अख्खी गल्ली ऐकत होती.

मी वकील नाही, पण वकिलाने आम्हाला जे समजावलं ते सांगते. भारतीय न्याय संहितेच्या 317व्या कलमात चोरीचा माल घेणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा. फसवणुकीने मिळवलेला मालही त्यात येतो. माल तसा आहे हे माहीत असणं, किंवा तसं मानायला कारण असणं, यावर सगळं ठरतं. पहिल्या ट्रिमरच्या वेळी तो निर्दोष होता यात मला शंका नाही. अमेरिकेतल्या बाईचं बिल फाडल्यानंतरच्या पार्सलांबद्दल मात्र प्रश्न विचारले जाणारच. आणि ज्याला पोलिसात जायचं आहे, त्याच्या भरतीच्या फॉर्मवर चारित्र्य पडताळणीचा रकाना असतो.

इथल्या मुलांनो, हीच जाहिरात तुमच्यापर्यंतही येते, कदाचित आधी तुमच्यापर्यंतच. या धंद्याचा जुना आणि मोठा बाजार अमेरिकेतच आहे: इथल्या दुकानातून इथल्या घरी, आणि तिथून परदेशात. पुढे पाठवायची टपालाची लेबलंही कित्येकदा चोरीच्या कार्डावर काढलेली असतात. विद्यार्थी व्हिसावर किंवा कामाची परवानगी नसलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल, तर विनापरवाना काम केल्याचा प्रश्नही त्यात मिसळतो, पगार मिळालेला नसला तरी.

नोटीस आली त्या आठवड्यात मी गावी पोचले होते, आणि तेव्हाच विसावं पार्सल आलं. उशिरा निघालेली एखादी ऑर्डर असावी. भाचा ते मागच्या विहिरीत टाकायला निघाला होता. मी हात धरला. खोका न उघडता लेबलाचे चारही बाजूंनी फोटो काढले. नशिबाने टेलिग्रामवरच्या चॅटचे काही स्क्रीनशॉट आणि कुरियरच्या चौदा पावत्या त्याने ठेवल्या होत्या. 1930 वर फोन केला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली आणि तो खोका, पावत्या, फोन असं सगळं घेऊन वकिलासोबत ठाण्यात गेलो. पासबुक आणि आधार दिलेलं असल्यामुळे बँकेलाही लेखी कळवलं.

(भाषणानंतर एका ताईंनी विचारलं, "आत्ता घरात असं पार्सल पडलं असेल तर इथे काय करायचं?" त्याचं उत्तर इथेच जोडते.)

पुढे पाठवू नका, वापरू नका, आणि काम देणाऱ्याला सांगत बसू नका. तो धमकी देतो, 'माणसं पाठवतो' म्हणतो. आधी चॅट आणि त्या वेबसाइटचे स्क्रीनशॉट घ्या, कारण लॉगिन कधीही बंद होतं. मग टपाल खात्याच्या तपास विभागाला 1-877-876-2455 वर किंवा uspis.gov वर कळवा. खोका फोडलेला नसेल तर तो परत कसा द्यायचा ते त्यांनाच किंवा पाठवणाऱ्या दुकानाला विचारा. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल तर तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा, त्याला पैसे लागत नाहीत. आणि आधी पाठवलेली पार्सलं लपवू नका. त्या पावत्या वकिलाला दाखवा.

भाच्याचा जबाब दोनदा झाला आहे. प्रकरण अजून चालू आहे. विसाव्या खोक्यात घड्याळ निघालं, पंचनामा करून ते ठाण्यात जमा आहे. भाचा पहाटे अजूनही धावायला जातो.