आजी माटोळीकडे बघते

(दृश्य: डिचोलीकडचं जुनं घर. कागदावर पेन्सिलीनं उमटणारी पाठीची रेघ.)

चवथीचा आदला दिवस. गणपतीच्या खोलीत मूर्तीच्या वर टांगायची माटोळी बांधून झालीय. नारळ, सुपारीचे घोस, चिबूड लटकताहेत. भिंतीलगतच्या बाकड्यावरून आजी उठते आणि वर बघते. आमच्या अॅनिमेशनपटातलं हे दृश्य एवढंच. त्यानंच सगळ्यात जास्त छळलं.

पहिल्यांदा आम्ही त्याच पटातल्या तिच्या सुनेची उठण्याची हालचाल घेतली आणि फ्रेम दुप्पट केल्या. आजी म्हातारी दिसेचना, पाण्याखाली असल्यासारखी दिसायला लागली. घसरलेला पदरसुद्धा तरंगत खाली आला! वजन म्हाताऱ्या माणसाचंही तेवढ्याच वेगानं खाली येतं. वेळ जातो तो त्याआधीच्या तयारीत.

(दृश्य: सून आणि आजी, शेजारी शेजारी.)

त्याआधी शरीर. वयानुसार मणक्यांमधल्या चकत्या चेपतात, पाठीला पोक येतं, उंची घटते. हातापायांची हाडं मात्र तेवढीच राहतात. सून साडेसात डोक्यांएवढी उंच, आजी साडेसहा. सगळा देह सारखाच लहान केला तर नुसती बुटकी बाई तयार होते. म्हणून आम्ही धड आखूड केलं, गुडघे जरा वाकवले आणि हात होते तेवढेच ठेवले. आता तिची बोटं मांडीवर सुनेच्या बोटांपेक्षा खाली पोचतात.

(दृश्य: उठण्याचे कच्चे आराखडे.)

आता उठणं. आजी पावलं बाकड्याखाली ओढते, तळवे कडेवर रोवते, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे वाकते. पहिला झोका फुकट जातो, ती परत टेकते. दुसऱ्याला उठते. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर सून 16 फ्रेममध्ये उभी राहते. आजीला 64 लागल्या, आणि त्यातल्या 40 बूड उचलण्याआधीच्या.

खरी गोची पुढे होती. पोक आलेल्या माणसाची मान समोर बघण्यासाठीच मागे कललेली असते. वर बघायला तिच्याकडे फारसं काही उरत नाही. आम्ही नुसतं डोकं मागे वळवलं, तर मान मोडल्यासारखी दिसली. मग एक हात भिंतीला दिला. आधी डोळे वर जातात, मग गुडघे आणखी वाकतात, धड कंबरेपासून मागे रेलतं, आणि सगळ्यात शेवटी हनुवटी उचलली जाते.

तपासायला चेहरा, लुगडं सगळं काढून नुसती काळी आकृती चालवली. तरीही वय कळत होतं.

शेजारचे आजोबा मात्र आम्ही ताठच ठेवलेत. प्रत्येक म्हाताऱ्याला पोक द्यायचं काही कारण नाही. ते फक्त वळताना चार छोटी पावलं टाकतात.

(दृश्य: पूर्ण झालेलं दृश्य. आजी वर बघतेय.)

आजी : तो चिबूड सैल बांधलाय रे. रात्री गणपतीच्या डोक्यावर यायचा.