जड उचलू नये, म्हणजे किती किलो?

[दृश्य: रत्नागिरी, मिरकरवाडा बंदर. ऑगस्टमधली पहाट. ओल्या जेटीवर क्रेट उतरताहेत.]

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. लांबणीवर टाकलेलं ऑपरेशन उरकायला बंदरावर राबणाऱ्याला हेच दोन महिने सोयीचे. अडचण नंतर येते. टाके सुकतात आणि नेमका तेव्हाच हंगाम उघडतो.

उदाहरण घेऊ. मासळी कंपनीतला एक हमाल. जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ८ जुलैला झालं. चिरा घेऊन आत जाळी बसवली. २९ जुलैला तो तपासणीला आला, तेव्हा जखम कोरडी होती आणि चालताना दुखत नव्हतं. कंपनीला हवंय फिटनेस सर्टिफिकेट.

[दृश्य: टेबलावर एक कागद. एकच ओळ: 'रुग्णास हलके काम द्यावे. जड वजन उचलू नये.']

असं पत्र सर्रास दिलं जातं, आणि फसतंही सर्रास. मुकादमाच्या हिशेबी तीस किलोचा भरलेला क्रेट जड. मग तो त्याला फरशी धुवायला लावतो. पण पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो, तीही जमिनीवरून वाकून उचलायची. नाहीतर हातगाडी देतो, कारण तिच्यात उचलायचं काहीच नसतं. ओल्या उतारावर ती गाडी रेटताना पोटावर येणारा ताण मात्र क्रेट उचलण्याइतकाच असू शकतो. त्यात पाय घसरला, तर बसणारा हिसका वेगळाच. मुकादमाचं यात काही चुकलेलं नाही. कागदानेच त्याला काही सांगितलं नव्हतं.

वरची कातडी दहा-बारा दिवसांत मिटते. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढून ती पक्की धरायला मात्र काही आठवडे जातात. म्हणून पत्रात वजन हवं, वजन कुठून उचलायचं ते हवं, आणि तारखा हव्यात.

[दृश्य: नवं पत्र. निवेदनासोबत ओळी उमटतात.]

"१ ते १० ऑगस्ट: रोज चार तास. पाच किलोपर्यंत वजन, तेही कंबरेच्या उंचीवरून. योग्य कामे: टेबलावर मासळी निवडणे, वजनकाट्यावर नोंद ठेवणे. हातगाडी, बर्फाचे फावडे, जमिनीवरून उचलणे बंद.

११ ते २० ऑगस्ट: सहा तास, दहा किलोपर्यंत. रिकामे क्रेट रचण्यास हरकत नाही.

२१ ते ३१ ऑगस्ट: पूर्ण पाळी, पंधरा किलोपर्यंत. भरलेला क्रेट दोघांनीही नको.

फेरतपासणी २९ ऑगस्ट. त्यानंतर पूर्ण कामाबाबत कळवू."

बर्फाचं फावडं मुद्दाम नाव घेऊन लिहिलंय. फावडं मारताना माणूस वाकतो आणि वळतो, दोन्ही एकदम. शेवटची तारीखही महत्त्वाची. 'पुढील सूचनेपर्यंत' असं वाचलं की मालकाला वाटतं, हा गडी आता कायमचा हलक्या कामाचा.

कोणतं ऑपरेशन झालं हे मालकाला सांगायचं की नाही, ते कामगाराने ठरवायचं. तो नको म्हणाला, तर 'शस्त्रक्रियेनंतर' एवढंच लिहावं. काय जमेल, काय नाही, हे कळलं की मालकाचं काम भागतं. खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, आणि कामगाराची सही किंवा अंगठा व ओळखखूण. एक प्रत दवाखान्यात राहते.

[दृश्य: हजेरीबुक.]

आता पैशाचा खोडा. कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर आजारपणाच्या रजेत त्याला मजुरीच्या सुमारे ७० टक्के भत्ता मिळतो. ज्या दिवशी तो कामावर जातो, त्या दिवसाचा भत्ता मात्र मिळत नाही. चार तासांची निम्मी मजुरी म्हणजे ५० टक्के. घरी बसला तर जास्त, कामावर आला तर कमी! मग तो पहिल्याच दिवशी आठ तास मागतो आणि पत्र बाजूला पडतं. म्हणून पत्र देण्याआधी मजुरीचं बोलून घ्यावं. त्या दहा दिवसांत मालक पूर्ण मजुरी द्यायला तयार नसेल, तर रजा १० ऑगस्टपर्यंत वाढवून सरळ सहा तासांनी सुरुवात केलेली बरी. हे टप्पे म्हणजे डॉक्टरांचा प्रस्ताव आहे. तो राबवायचा मालकाने.

[दृश्य: निवडीच्या टेबलाशी हात. कोळंबी वेगळी होतेय.]

पाळी संपताना टाक्यांपाशी ओढल्यासारखं वाटलं आणि सकाळपर्यंत गेलं, तर टप्पा बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी उठल्यावरही दुखत असेल, तर मागच्या टप्प्यावर यावं. खोकताना जांघेत फुगवटा दिसला, जखम लाल झाली किंवा पू आला, तर २९ तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. फुगवट्यासोबत उलट्या आणि पोटात जोराची कळ असेल, तर थेट मोठं रुग्णालय.