दोन शब्दांमधली जागा

[एडिटिंगचा पडदा. काळ्यावर पांढरं शीर्षक.]

फिल्म अकरा मिनिटांची. मुलगा घर सोडून गेलाय आणि आई त्याची खोली आवरतेय. संवाद जवळजवळ नाहीतच. नाव, ‘रिकामी खोली’.

हे तिचं पहिलं टायटल. अक्षरं एकेक करून उमटतायत, एकमेकांपासून लांब लांब. रोमन लिपीत एकटेपणासाठी ही युक्ती सर्रास वापरतात. देवनागरीत काय होतं, ते जवळून बघा.

[क्लोजअप: ‘रि’]

शिरोरेखा तुटली. ‘र’ यायच्या आधी वेलांटी एकटीच लोंबकळतेय. पाहणाऱ्याला वाटणार, फॉन्ट बिघडलाय. तरी अशी टायटल्स आपण किती सहज चालवून घेतो!

[माऊसवरचा हात. अंतराचा आकडा शून्यावर.]

डिझायनरने अक्षरांमधलं अंतर काढून टाकलं आणि रिकामपण दोन शब्दांच्या मधे नेलं. ‘रिकामी’ डावीकडे, ‘खोली’ उजवीकडे, मधे पहिल्या शॉटमधलं उघडं दार. शिरोरेखा तिथे तशीही थांबतेच. शब्द आता अख्खे उमटतात, छत्तीस फ्रेममध्ये, म्हणजे दीड सेकंदात. पांढरा रंगही गेला. त्याच शॉटमधल्या भिंतीवरचा मळका उजेड उचलून अक्षरांना दिला.

[खालून वर सरकणारी श्रेयनामावली]

शेवटची नावं मात्र थरथरत होती. नीट बघा, आडवी शिरोरेखा कशी लुकलुकतेय.

कारण साधं आहे. चाळीस ओळी, प्रत्येकीला ६० पिक्सेल, म्हणजे २४०० पिक्सेलची पट्टी. ती १०८० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर खालून येऊन वरून पूर्ण बाहेर जायची, तर ३४८० पिक्सेलचा प्रवास झाला. शेवटचं संगीत चाळीस सेकंदांचं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या, तर एकूण ९६०. भागाकार केला की फ्रेममागे साडेतीनपेक्षा थोडे जास्त पिक्सेल येतात. अपूर्णांक आला की अक्षराची कड दर फ्रेमला दोन पिक्सेलच्या मधे वेगळ्याच जागी पडते, आणि बारीक आडवी रेघ सगळ्यात आधी थरथरायला लागते.

[आकडा बदलतो: ४]

वेग पूर्ण चार पिक्सेल केला. रेघ स्थिर झाली. प्रत्येक ओळ पडद्यावर अकरा सेकंद राहते, तेवढ्यात नाव वाचून होतं.

या सगळ्या खटाटोपात ध्वनिमुद्रकाचं आडनाव चुकलं, आणि एका महोत्सवाला प्रत तशीच गेली.

[अंतिम प्रत. नावं वर सरकतायत.]

नवा रोल सव्वाछत्तीस सेकंदांत संपतो. संगीत अजून पावणेचार सेकंद उरतं. एडिटर म्हणाला, कापू या. दिग्दर्शिकेने नको म्हटलं.

[काळा पडदा. संगीत विरतं. दुरून कपाटाचं दार लागल्याचा आवाज.]