चावी तुटली नाही, तरी स्प्रॉकेट हललं

(दृश्य: रबाळे एमआयडीसीतला एक गाळा. कन्व्हेयर बंद. बाहेरून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या वाहतुकीचा आवाज.)

मोटर सुरू केली की आधी "टक्" असा आवाज यायचा, मग पट्टा हलायचा. आठवडाभराने स्प्रॉकेट या दातेरी चाकाच्या हबच्या, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाच्या, कडेला तांबूस भुकटी दिसू लागली. गंजासारखीच, पण बोटावर घेतली तर पिठासारखी मऊ. घट्ट बसलेला सांधा अशी भुकटी सोडत नाही. आत काहीतरी घासत होतं.

मिस्त्रींनी पुलर लावून स्प्रॉकेट काढलं. ड्रॉइंगवर 'की' लिहितात, शॉपमध्ये तिला चावीच म्हणतात. शाफ्ट आणि हब यांच्यामध्ये बसलेला हा पोलादी तुकडा सगळी ताकद पलीकडे पोचवतो. सगळ्यांना वाटलं, चावी कातरली असणार.

"चावी अख्खी आहे साहेब," मिस्त्री म्हणाले. "हब खाल्लाय."

(दृश्य: चावी हातात, अगदी जवळून.)

चावीच्या बाजूला दोन पट्टे दिसतात. खालचे 5 मिलिमीटर मळकट, हा भाग शाफ्टमध्ये होता. वरचे 3 मिलिमीटर चकचकीत आणि किंचित दबलेले, हा हबमधला. हबच्या की-वेची, म्हणजे चावी बसते त्या खाचेची, एकच भिंत चेपली आहे आणि तिची कड बाहेर वळली आहे. दुसरी भिंत कोरी. कन्व्हेयर एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे मार एकाच भिंतीने खाल्ला.

आता हिशोब करू. शाफ्ट 40 मिलिमीटरचा. 4 किलोवॅटची मोटर, गिअरबॉक्सनंतर मिनिटाला साधारण 95 फेरे. म्हणजे टॉर्क सुमारे 400 न्यूटन-मीटर. त्याला 20 मिलिमीटर त्रिज्येने भागलं की चावीवरचं बल येतं 20,000 न्यूटन. एवढ्याशा तुकड्यावर दोन टनांचा रेटा.

चावी 12 रुंद, 8 उंच, 50 लांब. ती कातरायची तर शाफ्टच्या पृष्ठभागाच्या पातळीवर 12 गुणिले 50, म्हणजे 600 चौरस मिलिमीटर धातू कापावा लागेल. ताण पडतो 33 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. या पोलादाला शिअरमध्ये, म्हणजे कातरण्यात, हे काहीच नाही.

चेपण्याचा, म्हणजे क्रशिंगचा, हिशोब वेगळा. तिथे चावीची फक्त बाजू भिंतीला टेकते. परीक्षेत आपण अर्धी उंची धरतो: 4 गुणिले 50, म्हणजे 200 चौरस मिलिमीटर. ताण 100. शिअरच्या तिप्पट झाला, तरी निभावेल असं वाटतं.

मात्र हबच्या वाट्याला अर्धी उंची येतच नाही. 5 मिलिमीटर शाफ्टमध्ये गेल्यावर उरतात 3. शिवाय चावीची दोन्ही टोकं गोल आहेत. गोलाईचा भाग सपाट भिंतीला टेकत नाही, म्हणून 50 मधून चावीची रुंदी 12 वजा करायची. उरले 38. क्षेत्रफळ 3 गुणिले 38, फक्त 114. ताण 175.

हा झाला चालू मशीनचा ताण. थेट स्टार्टरवर मोटर सुरू होताना टॉर्क दुप्पट धरला, तर तो 350 वर जातो. हब साध्या माइल्ड स्टीलचा, आणि ते साधारण 250 ला कायमचं दबायला लागतं. त्याच क्षणी शिअरचा ताण मात्र जेमतेम 70. चावी कातरणारच नव्हती.

भिंत एकदा दबली की फट पडते. मग प्रत्येक स्टार्टला चावी आधी मोकळी पुढे जाते आणि भिंतीवर आदळते. तो "टक्" याचा. याआधी कुणीतरी फटीत पत्र्याची पट्टी ठोकून ठेवली होती. ती चुरगळून बाहेर आली. असली पट्टी महिनाभर आवाज दाबते, बाकी काही करत नाही.

हेल्परने विचारलं, "मिस्त्री, समोरासमोर दोन चाव्या टाकल्या तर?"

"दोन्ही सारख्या टेकल्या पाहिजेत ना. एक आधी टेकते, दुसरी बघत बसते. आणि शाफ्ट दोन जागी कापायचा तो वेगळाच."

गंमत म्हणजे शाफ्टवरचा की-वे 70 लांबच होता. हब आखूड म्हणून चावी 50 ची घातली होती. आता नवा हब मध्यम कार्बन पोलादाचा, 75 लांब, आणि चावी 70 ची. गोलाई वजा जाता 58 उरतात. ताण 115, सुरू होताना 230. हे पोलाद साधारण 350 पर्यंत दबत नाही.

(दृश्य: शाफ्टमध्ये चावी बसवताना.)

मिस्त्री चावीच्या बाजूंना निळा रंग लावतात, तांब्याच्या हातोडीने हलके ठोकतात, पुन्हा काढून बघतात. बाजूंवरचा रंग पूर्ण लांबीत पुसला गेलेला हवा. मग हब सरकवतात. शेवटी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच. वर 0.3 मिलिमीटरची पात जाते, कारण तिथे फट मुद्दामच ठेवलेली असते. बाजूला सगळ्यात बारीक पातही शिरत नाही.

स्टार्टर दाबला. पट्टा निघाला, "टक्" नाही.