सतरा हजार सातशे साठ रुपयांचं पत्र

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय तो ‘फ्लॅटच्या बुकिंग बिलावरचा कर आणि बिल्डरला लिहायचं पत्र’ असा. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी एकदा तरी घर घेतलंय, काहींनी मुलांसाठी पुन्हा शोधायला सुरुवात केली आहे. त्यामुळे कार्पेट, कॉस्ट शीट, डिमांड लेटर हे शब्द मी समजावत बसत नाही.

मला सांगायचंय ते एवढंच. कराबद्दल बिल्डरला ईमेल लिहिताना आपण मालकाशी भांडतोय असं समजून लिहितो. पण मालक ते वाचत नाही. वाचतो तो त्यांच्या अकाउंट्समध्ये बसलेला माणूस. त्याच्या पगारात तुमच्या चार टक्क्यांनी काही फरक पडत नाही. त्याला धाकधूक एकाच गोष्टीची असते: उद्या कर अधिकाऱ्यानं विचारलं, ‘कमी दर कशाच्या आधारावर लावला?’ तर फाइलमधून कोणता कागद काढून दाखवायचा? मी तीस वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेब सांभाळले, ही धाकधूक मी रोज अनुभवली आहे. आपलं पत्र म्हणजे त्याच्या फाइलमध्ये जाणारा तो कागद झाला पाहिजे.

आता माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर तिनं मोशीत फ्लॅट बुक केला. दहा टक्के रक्कम भरायची होती. रेराच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, तेवढं त्यांनी पाळलं होतं. चार दिवसांनी बिल आलं. ते मी छापून आणलंय, नावं झाकली आहेत. मागच्या रांगेत दिसणार नाही, म्हणून वाचून दाखवतो.

हप्ता ४,४४,००० रुपये. त्याखाली ‘वजा जमीन एक-तृतीयांश’ १,४८,०००. करपात्र रक्कम २,९६,०००. मग सीजीएसटी ३.७५ टक्के, ११,१०० रुपये. एसजीएसटी ३.७५ टक्के, पुन्हा ११,१००. एकूण कर २२,२००.

भाचीनं बिल पाहिलं आणि तिची नजर ३.७५ अधिक ३.७५ वर खिळली. म्हणजे साडेसात. तिनं सगळीकडे ऐकलं होतं की बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के. झालं! रात्री अकरा वाजता तिनं ईमेल पाठवलं. पाच टक्क्यांच्या जागी साडेसात टक्के लावून ग्राहकांची फसवणूक चालली आहे, आठ दिवसांत दुरुस्ती केली नाही तर महारेराकडे जाईन, प्रत वकिलांना. तिच्या रागाचं मला नवल वाटत नाही. घरासाठी जमवलेल्या पैशातला एकेक रुपया तिनं कसा बाजूला टाकलाय ते मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळींचं उत्तर आलं. ‘कर जमिनीची किंमत वजा करून उरलेल्या रकमेवर आकारला आहे. बिल बरोबर आहे.’ आणि त्या दोन ओळींमधली पहिली ओळ खरी होती. कायद्यातला लेखी दर साडेसातच आहे, फक्त तो दोन-तृतीयांश रकमेवर लागतो. जमिनीच्या विक्रीवर जीएसटी नाही, म्हणून एक-तृतीयांश किंमत जमिनीची धरून बाजूला काढतात. साडेसातचे दोन-तृतीयांश म्हणजे पाच. ४,४४,००० चे पाच टक्के करून बघा, २२,२०० च येतात. तिचा आरोप चुकला, आणि त्या माणसाच्या लेखी प्रकरण तिथंच मिटलं.

मग ती माझ्याकडे आली. “मामा, हरले मी,” म्हणाली. मी तिला म्हटलं, “बिल राहू दे बाजूला. अलॉटमेंट लेटर काढ.” टक्का बरोबर की चूक हे बिलावरून कधीच कळत नाही. बिलात फक्त गुणाकार असतो. टक्का कुठला लागायचा ते फ्लॅटच्या मापावर आणि किमतीवर ठरतं, आणि ती दोन्ही अलॉटमेंट लेटरमध्ये असतात.

अलॉटमेंट लेटरमध्ये कार्पेट होतं ६६.१५ चौरस मीटर, म्हणजे ७१२ चौरस फूट. मूळ किंमत ४१,००,०००, कव्हर्ड पार्किंग २,००,०००, क्लबहाउस आणि विकास आकार १,४०,०००. सगळं मिळून ४४,४०,०००. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. हे तर परवडणाऱ्या घरात बसतंय! तिथला दर पाच टक्के नाही, एक टक्का आहे.

मी त्यांच्या अकाउंट्सला फोन लावला. मुलगा सभ्य होता. म्हणाला, “काका, साठ चौरस मीटरच्या आतलं कार्पेट असेल तरच एक टक्का. तुमचं सहासष्ट आहे.” हा साठचा आकडा आला कुठून? बोलता बोलता कळलं की त्यांचा मोठा प्रकल्प कल्याणला आहे. बिलिंगची सगळी मांडणी तिथं केलेली, तीच मोशीला उचलून आणली. कल्याणला साठ बरोबरच आहे. मोशीला नाही.

१ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या नियमात परवडणाऱ्या घराच्या दोन अटी आहेत. किंमत सगळीकडे ४५ लाखांपर्यंत. कार्पेट महानगरांत ६० चौरस मीटरपर्यंत, इतरत्र ९० पर्यंत. आता महानगर म्हणजे काय? आपल्याकडे मेट्रो धावते, पीएमआरडीएच्या नावात महानगर आहे, लोकसंख्या तर बोलायलाच नको. त्यामुळे आपल्यातल्याही पुष्कळांना वाटतं की पुणे महानगरच. पण या करासाठी अधिसूचनेनं स्वतःची यादी दिली आहे: बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि तिला लागून नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद वगैरे, हैदराबाद, कोलकाता, आणि संपूर्ण एमएमआरसह मुंबई. कल्याण एमएमआरमध्ये येतं. पुणे, पिंपरी-चिंचवड या यादीत नाहीत. म्हणून आपल्याला ९० चौरस मीटरची मर्यादा, साधारण ९६८ चौरस फूट कार्पेट. पुण्यातला नेहमीचा टू बीएचके त्यात आरामात बसतो. अडतो तो किमतीपाशी.

कार्पेट म्हणजे रेराच्या व्याख्येतलं कार्पेट, हेही सांगून ठेवतो. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. ब्रोशरवरचा ‘सेलेबल’ आकडा इथं चालत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी तोच धरला आणि आपण बसत नाही असं समजून गप्प राहिले.

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. भाचीचं दुसरं ईमेल वाचतो, कारण सांगायचं होतं ते त्यातच आहे.

‘विषय: बुकिंग बिलातील जीएसटी दराबाबत.

महोदय, जमिनीची एक-तृतीयांश वजावट मला समजली आहे. साडेसात टक्क्यांबद्दलचा माझा आधीचा आक्षेप मी मागे घेते. शंका फक्त दराच्या वर्गाबद्दल आहे.

अलॉटमेंट लेटरप्रमाणे सदनिकेचे कार्पेट ६६.१५ चौ. मी. आहे. मूळ किंमत ४१,००,०००, पार्किंग २,००,००० आणि क्लबहाउस व विकास आकार १,४०,००० धरून आपण घेणार असलेली एकूण रक्कम ४४,४०,००० रुपये आहे. प्रकल्प एप्रिल २०१९ नंतर सुरू झालेला आहे. केंद्रीय कर (दर) अधिसूचना ३/२०१९, दिनांक २९ मार्च २०१९ मधील महानगरांच्या यादीत पुणे किंवा पिंपरी-चिंचवड नाही. त्यामुळे येथे मर्यादा ९० चौ. मी. आणि ४५ लाख रुपये आहे. सदनिका दोन्हींत बसते.

हप्ता ४,४४,०००
दोन-तृतीयांश २,९६,०००
आकारलेला कर: २,९६,००० × ७.५% = २२,२००
लागू कर: २,९६,००० × १.५% = ४,४४०
जादा: १७,७६०

संपूर्ण किमतीवर हा फरक २,२२,००० वजा ४४,४००, म्हणजे १,७७,६०० रुपये होतो. कृपया १७,७६० रुपयांची क्रेडिट नोट द्यावी व पुढील बिले याच दराने काढावीत. माझी आकडेमोड चुकली असल्यास कोणत्या ओळीत, ते कळवावे.’

शेवटचं वाक्य माझं आहे, ते मी हट्टानं घालायला लावलं. ‘बिल बरोबर आहे’ असं मोघम उत्तर देता येऊ नये म्हणून. ओळीवर बोट ठेवायचं तर त्याला ती ओळ वाचावी लागते.

आणि त्यानं वाचली. उत्तरात एकच ओळ पकडली: स्टँप ड्युटी धरली तर ४५ लाखांच्या वर जातं. ही शंका रास्त होती, म्हणून तिनं शांतपणे उत्तर दिलं. नियम बिल्डरनं ग्राहकाकडून घेतलेल्या रकमा मोजतो. स्टँप ड्युटी आणि नोंदणी शुल्क सरकारकडे जातं. पार्किंग, पसंतीच्या जागेचे पैसे, विकास आकार हे मात्र मोजावेच लागतात, आणि आपण ते मोजले आहेत.

हे मोजणं फार जपून करा, कारण ४५ लाखांचा उंबरठा कठोर आहे. समजा तिनं वरचा मजला घेतला असता आणि फ्लोअर राइझचे ७०,००० वाढले असते. एकूण ४५,१०,०००. मग पाच टक्के फक्त वरच्या दहा हजारांवर लागत नाहीत, सगळ्या रकमेवर लागतात: २,२५,५००. म्हणजे सत्तर हजारांच्या मजल्यापायी कर १,८१,१०० रुपयांनी वाढला. कॉस्ट शीट ठरवतानाच ही बेरीज करा, करार झाल्यावर उपयोग नाही.

बिल्डर का अडतो, तेही पटकन सांगतो. पाच टक्के असोत की एक, खरेदीवरच्या कराची वजावट त्याला दोन्हींत मिळत नाही आणि घेतलेला कर सरकारात भरावाच लागतो. चार टक्के त्याच्या खिशात राहत नाहीत. उलट एक टक्का लावला आणि पुढे चूक निघाली, तर फरक व्याजासकट त्याला भरावा लागतो. म्हणून तो जास्तीकडे झुकतो. त्याला शिव्या देऊन तो सरळ होत नाही, अटींचा पुरावा हातात दिला की होतो.

मुदतीचं राहिलं. कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट देऊन बिल्डरला आपला कर कमी करून घेता येतो, पण बिलाचं आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच. त्यानंतर त्याला स्वतःच्या खिशातून द्यावं लागेल, आणि ते कोणी सहजी देत नाही. त्यामुळे पझेशनच्या वेळी सगळं एकदम बघू असं म्हणू नका, पहिल्या बिलालाच लिहा. आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर पहिला रुपया दिलात तर जीएसटी लागतच नाही, तिथं हा सगळा हिशेब करायची गरज नाही.

भाचीला अकराव्या दिवशी क्रेडिट नोट आली, १७,७६० रुपयांची. पुढच्या डिमांड लेटरमध्ये सीजीएसटी ०.७५ आणि एसजीएसटी ०.७५ असं छापून आलं. त्याच मजल्यावरच्या आणखी दोघांना त्यांनी आपणहून नोट पाठवली, तो कागद फाइलला लागला होता ना. ज्यांनी आपली अलॉटमेंट लेटरं आणली आहेत त्यांनी पुढे या, कार्पेटचा आकडा चौरस मीटरमध्ये आहे की फुटांत ते आधी बघू.