पाच तारखेचा हप्ता, दहा तारखेचा पगार

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत मी २२ वर्षं कर्ज विभागात काम केलं. तिथं भेटलेल्या एका जोडप्याची गोष्ट आज सांगणार आहे. नावं सांगत नाही. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, बायको घरी दोन म्हशी सांभाळणारी. क्रिकेटवर पैसे लावायच्या नादात दोन वर्षांत घरावर कर्ज झालं. बायकोला कळलं तेव्हा ती त्याला घेऊन थेट माझ्या टेबलासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "साहेब, आता लपवायचं काय राहिलं न्हाई. कागद काढा."

आम्ही शाळेची एक जुनी वही घेतली. पहिल्या पानावर कुणाचं किती देणं आहे ते लिहिलं. आमच्या संस्थेचं कर्ज १ लाख २० हजार, १४ टक्के व्याज, ३० हप्ते बाकी, हप्ता ४,७६० रुपये. मेहुणा, चुलता आणि एक मित्र यांचे हातउसने मिळून ६० हजार. एका नोंदणीकृत वित्तसंस्थेचं मोबाईलवरून घेतलेलं कर्ज १२ हजार. दोन झटपट कर्जाची ॲप. आणि बुकीची २५ हजारांची उधारी. बुकीचं नाव सांगायला त्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. बायको मान खाली घालून लिहीत होती.

मी विचारलं, ती दोन ॲप कशासाठी घेतली? मला वाटलं होतं, जुगारासाठी. तो म्हणाला, "तुमचा हप्ता भरायला." आमचा हप्ता पाच तारखेला आणि याचा पगार दहा तारखेला. मधले पाच दिवस काढायला त्यानं ॲप उघडलं. हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली, कारण ती पाच तारीख मीच टाकली होती.

त्या ॲपचा हिशेब बघा. मंजूर ५,००० दाखवले, खात्यात आले ३,१००. बाकीचे प्रक्रिया शुल्क म्हणून आधीच कापले. सातव्या दिवशी मागणी पूर्ण पाच हजारांची. म्हणजे ३,१०० रुपयांवर आठवड्याला १,९०० रुपये, शेकडा एकसष्ट. ते फेडायला दुसरं ॲप. ते चुकल्यावर फोनमधल्या सगळ्या नंबरांवर घाणेरडे संदेश गेले. मेहुण्याला तर याचा फोटो बदलून पाठवला.

असलं ॲप पैसे घेण्याआधीच ओळखता येतं. ते फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी मागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला हे वाचायची मुभाच नाही. खऱ्या कर्जात कुठली बँक किंवा वित्तसंस्था पैसे देते तिचं नाव असतं, वार्षिक दर सगळ्या शुल्कांसकट एका पानावर लिहून मिळतो आणि किमान एक दिवस मन बदलून मुद्दल परत करायची सोय असते. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर अशा ॲपची यादीही आहे. मात्र यादीत नाव आहे म्हणून कर्ज परवडेल असं नाही.

त्या दोन ॲपवर कर्ज देणाऱ्या संस्थेचं नावच नव्हतं, आणि पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर मागत होते. अशा ठिकाणी भीतीपोटी पैसे भरले की मागणी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी नवा आकडा येतो. आम्ही संदेशांचे, फोटोचे, यूपीआय नंबरांचे स्क्रीनशॉट काढले, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि मेहुण्याला, चुलत्याला, कारखान्यातल्या सुपरवायझरला सांगून ठेवलं की असे आणखी संदेश येतील, ते खोटे आहेत. एकदा सगळ्यांना कळलं की त्या धमकीत दम राहत नाही.

बुकीच्या उधारीबद्दल एवढंच सांगतो. करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. म्हणून त्याला चेक किंवा सहीचा कागद देऊ नका. धमकी आली तर पोलीस ठाणं गाठा. वहीत त्या रकमेपुढं आम्ही शून्य हप्ता लिहिला.

आता दुसरं पान. पगार २४ हजार, दूध बिलातून पेंड-वैरण जाऊन ४ हजार, एकूण २८. घरखर्च बायकोनं सांगितला, २० हजार. नवरा म्हणाला, "सतरात भागवतो." मी वीसच लिहिले. कागदावर घर उपाशी ठेवलं की माणूस तिसऱ्या महिन्यात पुन्हा ॲप उघडतो, नाहीतर एक डाव लावून बघतो. शिवाय दीड हजार आजारपणासाठी बाजूला. राहिले ६,५००. सगळ्या देणेकऱ्यांना मिळून एवढंच द्यायचं, एक रुपया जास्त कबूल करायचा नाही.

आमच्या संस्थेकडं त्यानं मुदतवाढीचा अर्ज दिला, दोन प्रतींत, एकावर आवक शिक्का मारून परत घेतला. अर्जात रडगाणं नव्हतं. खाते क्रमांक, बाकी, पगारपत्रक, वहीच्या पानाची झेरॉक्स आणि दोन मागण्या: मुदत ३० ऐवजी ४८ महिने, आणि तारीख पाचऐवजी बारा. हप्ता ४,७६० वरून ३,२८० वर आला. यात एकूण व्याज सुमारे साडेचौदा हजारांनी वाढलं, हे मी त्यांना लिहून दाखवलं. स्वस्तातली सुटका नव्हे ही, पण झेपणारी आहे.

जामीनदारांना मात्र त्यानं अर्जाआधी घरी जाऊन सांगितलं. त्यांच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर त्यांची जबाबदारीच वादात पडते, म्हणून संचालक मंडळ त्यांच्या सह्या मागतंच. आणि हे सगळं सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यासाठी, म्हणजे सक्तीच्या वसुलीच्या हुकमासाठी, प्रकरण जाण्याआधी करायचं. एकदा दाखला झाला की माझ्यासारख्या कर्मचाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

वित्तसंस्थेला त्यानं ईमेल केला आणि महिना १,१०० रुपयांचे १२ हप्ते लेखी घेतले. वसुलीवाले रात्री नऊला फोन करायचे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, एवढं एक वाक्य त्या ईमेलमध्ये घातलं आणि फोन थांबले. नातेवाइकांना महिना दोन हजार, तिघांत वाटून, ३० महिने. मित्र नाराज झाला. पण दर महिन्याला ठरल्या दिवशी पैसे येऊ लागल्यावर तोच चहाला थांबू लागला.

बेरीज ६,३८०. पगाराचं एटीएम कार्ड बायकोकडं, त्याच्या फोनमधलं यूपीआय काढलेलं, दूध बिल तिच्या खात्यावर. हे त्यानं स्वतःहून मान्य केलं, म्हणून मी अर्जावर शिफारस लिहिली. ज्याला खेळ थांबवणं जमत नाही त्यानं टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत नंबरवर आधी बोलावं. हात थांबला नसेल तर ही वही दोन महिनेही टिकत नाही.

चौथ्या महिन्यात एक म्हैस आटली. दूध बिल निम्म्यावर आलं. सात तारखेला, म्हणजे हप्त्याच्या पाच दिवस आधी, दोघंही संस्थेत आली. तिनं वही उघडून दाखवली, दोन हजार भरले, बाकीचे १,२८० पुढच्या दोन हप्त्यांत भरतो असं लिहून दिलं आणि पावती वहीत चिकटवली. त्याच्या फोनमध्ये त्या दिवशी एकही कर्जाचं ॲप नव्हतं. तिनं ते माझ्यासमोर तपासलं, आणि त्यानं फोन न विचारता तिच्या हातात दिला.