स्टॉपचं बटण एनओ की एनसी?

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी आहे. इलेक्ट्रिकल असो, इन्स्ट्रुमेंटेशन असो, पीएलसी टेक्निशियनच्या जागेसाठी मुलाखतीला जायचं आहे, मग ती सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असेल, चिंचोळीला असेल किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्यात. मी स्वतः बरीच वर्षं मेंटेनन्समध्ये काढली आणि अशा मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसलो. त्यावरून सांगतो, समोरचा माणूस सगळं पुस्तक विचारत नाही. तो कोरा कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, "एक मोटर आहे. स्टार्ट बटण, स्टॉप बटण. पीएलसीवर चालवून दाखव." पुढचा अर्धा तास त्याच कागदावर जातो.

जवळ वही असेल तर काढून घ्या. समजा कारखान्यातला भुश्श्याचा पट्टा आहे, बगॅस कन्व्हेयर. स्टार्ट बटण I0.0 ला, स्टॉप बटण I0.1 ला, ओव्हरलोड रिलेचा कॉन्टॅक्ट I0.2 ला आणि मोटरचा कॉन्टॅक्टर Q0.0 वर. हे पत्ते सीमेन्सच्या पद्धतीचे झाले. मित्सुबिशीवर X आणि Y लिहाल. तुम्ही ज्या किटवर शिकलात त्याचे पत्ते सांगितले तरी चालतं, फक्त सुरुवातीलाच तसं सांगून टाका.

पहिला प्रश्न ठरलेला. "स्टॉप बटण एनओ घेणार की एनसी?" बहुतेक मुलं एनसी म्हणतात, आणि ते बरोबर आहे. लगेच दुसरा प्रश्न येतो, "का?" इथे "सरांनी तसं शिकवलं" हे उत्तर चालत नाही. एनसी बटणातून 24 व्होल्ट कायम इनपुटला मिळत असतात, म्हणून कोणी बटण दाबलेलं नसताना I0.1 ला 1 असतो. बटण दाबलं की 0. वायर तुटली, टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला, उंदराने केबल कुरतडली, तरीही 0. म्हणजे बिघाड झाला तर पट्टा थांबतो. बटण एनओ घेतलं आणि वायर तुटली, तर पीएलसीला काहीच कळत नाही. पट्टा चालू राहतो, आणि तुटल्याचं कळतं ते कोणीतरी थांबवायला जातं तेव्हा.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका ठिकाणी, नाव घेत नाही, पट्ट्याच्या शेपटाकडच्या स्टॉप बटणाला एनओ कॉन्टॅक्ट जोडलेला होता. बटणपेटीत पाणी शिरून वायरचं टोक फेरूलमधून निसटलं होतं. रोलरमध्ये भुस्सा अडकला, ऑपरेटर बटण दाबतोय, दाबतोय, आणि पट्टा चाललाय. शेवटी तो पळत पॅनेलपर्यंत आला आणि मेन स्विच खाली ओढला. कोणाला लागलं नाही. त्या दिवसापासून समोर बसलेल्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारला.

आता याच प्रश्नाचा तिसरा भाग, आणि इथे चांगली चांगली मुलं अडकतात. "बटण एनसी आहे. मग लॅडरमध्ये I0.1 चा कॉन्टॅक्ट कोणता काढशील?" सवयीने हात क्लोज कॉन्टॅक्टच्या चिन्हाकडे जातो. थांबा. पीएलसीला बाहेर बटण कुठलं आहे ते दिसत नाही. त्याला फक्त 1 आहे की 0 आहे एवढंच दिसतं. निरोगी स्थितीत तिथे 1 आहे, आणि 1 असताना रंग, म्हणजे लॅडरची ती ओळ, पुढे जायला हवी, म्हणून लॅडरमध्ये साधा ओपन कॉन्टॅक्ट काढायचा. ओव्हरलोडचंही तसंच. त्याचा 95-96 हा एनसी कॉन्टॅक्ट, तोही लॅडरमध्ये ओपनच. स्टार्टला समांतर Q0.0 चा होल्डिंग कॉन्टॅक्ट, आणि शेवटी Q0.0 ची कॉइल. झाली रंग.

उलटं काढलं तर काय होईल, हेही विचारतात. क्लोज कॉन्टॅक्ट काढलात तर स्टार्ट दाबून मोटर चालणारच नाही. पण कोणी स्टॉप दाबून धरला आणि स्टार्ट दाबला, तर मोटर सुरू होईल, आणि स्टॉप सोडला की थांबेल. आणि स्टॉपची वायर तुटलेली असेल, तर स्टार्ट दाबताच मोटर खुशाल सुरू होईल. किटवर एकदा मुद्दाम असं करून बघा, पुन्हा चूक होणार नाही.

त्यानंतर स्कॅन. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचून घेतो, मग प्रोग्राम वरून खाली सोडवतो, मग आउटपुट बाहेर देतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. एक फेरी साधारण काही मिलिसेकंदांची. यावर हमखास विचारलं जातं की, एकच Q0.0 ची कॉइल दोन वेगळ्या रंगमध्ये काढली तर? उत्तर असं की, खालच्या रंगचा निकाल टिकतो, कारण आउटपुट बाहेर जातो तो फेरीच्या शेवटी. खालच्या रंगचा निकाल 0 असेल, तर वरच्या रंगला कितीही करंट दिसला तरी मोटर हलत नाही, आणि नवा माणूस तासभर वायरिंग तपासत बसतो.

आता ज्याच्यावर नोकरी खरोखर ठरते तो प्रश्न. "रात्री दोनची शिफ्ट आहे. स्टार्ट दाबलं, पट्टा चालत नाही. काय करशील?" "लॅपटॉप जोडून प्रोग्राम बघीन" असं पहिलंच वाक्य आलं की मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा उतरतो. काल चालत असलेला प्रोग्राम आज आपोआप बदलत नाही. आधी पॅनेल उघडा आणि पीएलसीवरचे दिवे बघा.

सुरुवात मधून करायची. आधी सीपीयू रनमध्ये आहे का ते बघा. मग एकाला स्टार्ट दाबायला सांगा आणि Q0.0 चा दिवा बघा. लागला, तर बटणं आणि प्रोग्राम सुटले, दोष आउटपुटच्या पुढे आहे. नाही लागला, तर दोष अलीकडे आहे. एका नजरेत अर्धं काम झालं.

दिवा लागत नाही असं धरू. मग इनपुटकडे बघा. कोणी काही दाबलेलं नसताना I0.1 आणि I0.2 हे दोन्ही दिवे लागलेले हवेत, आपण मघाशी एनसी घेतलं ना, म्हणून. I0.2 विझलेला असेल तर बहुधा ओव्हरलोड ट्रिप झाला आहे, नाहीतर त्याची वायर तुटली आहे. ट्रिप असेल तर नुसता रिसेट मारून निघून जायचं नाही. पट्टा अडकलाय का, बेअरिंग गेलंय का ते बघायचं आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर घ्यायचे. I0.1 विझलेला असेल तर स्टॉप बटण दाबलेलं अडकलंय किंवा वायर तुटली आहे. सगळेच इनपुट विझले असतील तर 24 व्होल्टचा सप्लाय किंवा त्याचा फ्यूज.

आता दुसरी बाजू. Q0.0 चा दिवा लागलाय, पण कॉन्टॅक्टर ओढत नाही. इथे एक बारकावा आहे, तो सांगणारा मुलगा मला लगेच आवडायचा. रिले आउटपुटच्या पीएलसीत तो दिवा फक्त एवढंच सांगतो की सीपीयूने हुकूम दिला. आतल्या रिलेचा कॉन्टॅक्ट खरंच जोडला गेला की नाही, हे दिवा सांगत नाही. कॉन्टॅक्ट जळालेला असू शकतो किंवा त्या कॉमनचा फ्यूज उडालेला असू शकतो. म्हणून मल्टिमीटर घेऊन कॉन्टॅक्टरच्या A1 आणि A2 वर व्होल्टेज मोजायचं. कॉइल 230 व्होल्टची आहे, 230 मिळतात आणि तरी ओढत नाही, तर सप्लाय बंद करून कॉइलचा रेझिस्टन्स घ्या. मीटर ओपन दाखवेल तर कॉइल गेली. A1-A2 वर व्होल्टेजच नाही, तर मागे मागे जात इंटरपोझिंग रिलेपर्यंत, म्हणजे पीएलसी आणि कॉन्टॅक्टर यांच्या मधल्या छोट्या रिलेपर्यंत, या. आणि कॉन्टॅक्टर ओढला पण मोटर फिरत नाही, नुसती घुमते, तर ताबडतोब बंद करा, एक फेज गेली असण्याची दाट शक्यता.

इंटरपोझिंग रिले का लावतात, हेही याच ओघात येतं. ट्रान्झिस्टर आउटपुट फक्त डीसीवर चालतो, त्यावर 230 एसीची कॉइल थेट जोडताच येत नाही. रिले आउटपुटवर जोडता येते, पण दर वेळी कॉइल सुटताना उडणारी ठिणगी पीएलसीतला रिले हळूहळू खाते. मधला छोटा रिले खराब झाला तर सॉकेटमधून काढून दुसरा बसवता येतो. पीएलसीतला गेला तर अख्खं मॉड्यूल बदलावं लागतं.

शेवटाकडे एक साधा वाटणारा प्रश्न येतो. "लाइट गेली, पाच मिनिटांनी आली. पट्टा आपोआप सुरू होईल का?" आपल्या रंगमध्ये नाही, कारण लाइट जाताच Q0.0 सुटला, होल्डिंग तुटलं, आता पुन्हा स्टार्ट दाबावंच लागेल. पण कोणी होल्डिंगऐवजी सेट-रिसेट वापरलं आणि तो बिट रिटेन्टिव्ह मेमरीत ठेवला, तर लाइट येताच पट्टा चालू होईल. रोलर साफ करायला आत हात घातलेला माणूस तिथे असू शकतो. त्यामुळे पट्ट्यासाठी होल्डिंगच, असं ठामपणे सांगा आणि कारणही सांगा.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल विचारलं तर एक गोष्ट चुकवू नका. ते बटण फक्त पीएलसीच्या इनपुटला देऊन सोडायचं नाही. त्याचा एनसी कॉन्टॅक्ट, किंवा सेफ्टी रिले, थेट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत हवा, म्हणजे सीपीयू हँग झाला किंवा आउटपुटचा कॉन्टॅक्ट चिकटला तरी कॉइलचा सप्लाय तुटतो. पीएलसीला दुसरा कॉन्टॅक्ट द्यायचा तो फक्त माहितीसाठी, होल्डिंग सोडायला आणि अलार्म दाखवायला.

मुलाखतीआधी कॉलेजच्या लॅबमध्ये दोन तास मिळाले तर एवढंच करा. ही रंग किटवर चढवा, मोटर चालू करा आणि मित्राला सांगा, माझ्या पाठीमागे एक वायर काढ, कुठली ते सांगू नकोस. मग लॅपटॉपला हात न लावता, फक्त दिवे आणि मीटर यांवर ती शोधा. मग तुम्ही काढा, त्याला शोधू द्या. नमस्कार.